टर्म कव्हर नेमकं किती घ्यायचं? पगार, कर्ज आणि पुढचे खर्च धरून हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्षिक उत्पन्नाच्या दहापट कव्हर घेतलं की पुरतं, असं सगळे सांगतात. ते चुकीचं आहे का?

ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. टर्म कव्हर म्हणजे विम्याच्या मुदतीत तुमचा मृत्यू झाला तर कुटुंबाला मिळणारी रक्कम. दहापटीच्या नियमाला तुमच्या कर्जाची, मुलांच्या वयाची किंवा पत्नीच्या नोकरीची काहीच माहिती नसते. वर्षाला ११ लाख मिळवणाऱ्या दोघांचं उदाहरण घ्या. एकाचं घर कर्जमुक्त आहे आणि मुलगी नोकरीला लागली आहे. दुसऱ्याचं गृहकर्ज नुकतंच सुरू झालंय आणि धाकटा अजून अंगणवाडीच्या वयाचा आहे. नियम दोघांनाही १ कोटी १० लाख सांगतो. पहिल्याला ते जास्त होतं, दुसऱ्याला चांगलंच कमी पडतं. किती कमी पडतं, ते खाली आकड्यांतच दिसेल.

मग हिशेब कुठून सुरू करायचा?

पगारापासून नाही, घरखर्चापासून. तुमच्या माघारी घर चालवायला महिन्याला किती लागतील, हा पहिला आकडा काढायचा. तो अंदाजाने सांगू नका. अंदाजाने सांगितलेला घरखर्च जवळजवळ नेहमी कमी निघतो, कारण डोक्यात फक्त दर महिन्याचे खर्च असतात. बँकेचं आणि क्रेडिट कार्डाचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. त्यात शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा विमा, दिवाळी, गावी जाणं-येणं, घरातली डागडुजी असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्चही सापडतील. सगळ्याची बेरीज करून बाराने भागा.

त्यातून तीन गोष्टी वजा करा : तुमचा स्वतःचा खर्च (पेट्रोल, डबा, मोबाइल, कपडे), कर्जांचे हप्ते आणि एसआयपीसारखी बचत. हप्ते का वजा करायचे, ते कर्जाच्या प्रश्नात येईल.

एक गोष्ट मात्र मिळवायची असते आणि ती हमखास राहून जाते. कंपनीने दिलेला मेडिक्लेम तुमच्या नोकरीबरोबरच संपतो. पुढे कुटुंबाला तो स्वतः विकत घ्यावा लागेल, त्यामुळे त्याचा हप्ता आजच घरखर्चात धरा.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

पिंपरी-चिंचवडमधलं एक कुटुंब समजू. नवरा ३५ वर्षांचा, हातात येणारा पगार महिना ९२,०००. बायको ३२ वर्षांची, सध्या नोकरी करत नाही. मुलगी ५ वर्षांची, मुलगा २ वर्षांचा. नवऱ्याची आई सोबत राहते. गृहकर्जाचे ३२ लाख बाकी आहेत, व्याज ८.५ टक्के, मुदत १७ वर्षं, हप्ता साधारण २९,७००. गाडीच्या कर्जाचे ३ लाख बाकी, हप्ता साधारण ९,५००.

हप्ते सोडून घरखर्च ४२,००० निघाला. त्यातला ८,००० नवऱ्याचा स्वतःचा. उरले ३४,०००, म्हणजे वर्षाला ४,०८,०००. आईची औषधं आणि मेडिक्लेमचा हप्ता यातच आहे.

हा खर्च सगळी वर्षं सारखा राहत नाही, म्हणून त्याचे दोन टप्पे करायचे. पहिला टप्पा धाकटा मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत, म्हणजे २० वर्षं. दुसरा टप्पा त्यानंतर बायको एकटी असेल तो. तिचं आयुष्य ८५ वर्षांपर्यंत धरलं तर तो ३३ वर्षांचा होतो. त्या काळासाठी आजच्या भावाने महिना २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,००० धरू. हा दुसरा टप्पा बहुतेक जण विसरतात. मुलं मोठी झाली की जबाबदारी संपली असं मानून हिशेब थांबवतात आणि बायकोचं म्हातारपण मुलांवर सोपवून मोकळे होतात.

या ५३ वर्षांच्या खर्चासाठी आज किती रक्कम हवी?

नुसता गुणाकार केला तर १ कोटी ६१ लाख होतात. पण विम्याची रक्कम हाती आल्यावर ती गुंतवली जाईल आणि तिच्यावर व्याज मिळेल. दुसऱ्या बाजूने महागाईही वाढत राहील. कर भरून ७.५ टक्के परतावा आणि ६ टक्के महागाई धरली, तर खरी वाढ साधारण दीड टक्काच उरते. तो दर धरून आजची रक्कम काढायची. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये हे असं लिहा :

```
=PV(1.5%,20,-408000,0,1)
=PV(1.5%,53,-240000,0,1)-PV(1.5%,20,-240000,0,1)
```

पहिल्या ओळीचं उत्तर साधारण ७१.१ लाख येतं आणि दुसरीचं ४६.८ लाख. दोन्ही मिळून जवळपास १ कोटी १८ लाख. शेवटचा 1 म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच त्या वर्षाचा खर्च काढून घेतला जाईल. घरात तसंच होतं, म्हणून तो 1 विसरू नका.

दीड टक्का फार कमी नाही का? म्युच्युअल फंडात तर जास्त मिळतं.

मिळू शकतं. पण हा पैसा कोण आणि कोणत्या मनःस्थितीत सांभाळणार आहे, ते आधी लक्षात घ्या. घरातला कमावता माणूस गेल्यावर आलेली रक्कम बहुतेक घरांत मुदत ठेवीत किंवा पोस्टात जाते, आणि पहिली काही वर्षं तसंच होणं योग्यही आहे. तिथे महागाईपेक्षा फार काही वर मिळत नाही.

दर बदलला की आकडा किती हलतो ते पाहा. खरी वाढ ३ टक्के धरली तर १ कोटी १८ लाखांऐवजी ९१ लाखांत भागतं. शून्य धरली तर १ कोटी ६१ लाख लागतात. सगळ्या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा हाच आहे. एखाद्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरने फारच कमी कव्हर सांगितलं, तर त्यात परताव्याचा दर किती आणि महागाई किती धरली आहे ते आधी तपासा. बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं.

कर्जाची पूर्ण बाकी धरायची की फक्त हप्ते?

पूर्ण बाकी धरा आणि हप्ते घरखर्चातून काढून टाका. दोन्ही धरले तर तेच कर्ज दोनदा मोजलं जातं. आपल्या उदाहरणात घरखर्चात हप्ते ठेवून वर ३५ लाखही मिळवले असते, तर कव्हर विनाकारण लाखांनी फुगलं असतं. दोन्ही वगळण्याची चूक त्याहून वाईट, कारण मग घरच धोक्यात येतं.

बाकीचा आकडा आठवणीतून सांगू नका, बँकेकडून थकबाकीचं स्टेटमेंट घ्या. गृहकर्जाच्या पहिल्या वर्षांत हप्त्यातला बराचसा भाग व्याजाचा असतो. वरच्या उदाहरणात १७ पैकी १० वर्षं हप्ते भरल्यावरही जवळपास १८.८ लाख बाकी राहतात.

यादीत कागदावर चटकन न दिसणारी कर्जंही घ्या : पतसंस्थेचं कर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्डाची थकबाकी, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने. तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर तीही नोंद करा. पूर्ण रक्कम धरायची गरज नाही, पण ज्याला जामीन राहिलात तो हप्ते चुकवत असेल, तर ती रक्कम तुमच्या कर्जातच मोजा.

बँकेने गृहकर्जाबरोबर विमा दिला आहे. मग ते कर्ज वगळू का?

आधी पॉलिसीचा कागद वाचा. अशा विम्याचं कव्हर बहुधा कर्जाबरोबर घटत जातं, आणि ते ठरलेल्या तक्त्यानुसार घटतं, तुमच्या प्रत्यक्ष बाकीनुसार नाही. व्याजदर वाढून मुदत लांबली तर कव्हर आणि बाकी यांत फरक पडतो. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला असेल, तर त्यावरही तुम्ही व्याज भरत असता. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं तर विमा चालू राहतो की नाही, हेही विचारून घ्या. पूर्ण मुदतीसाठी कव्हर पक्कं असल्याची खात्री पटली तरच ती रक्कम वजा करा. नवीन कर्ज घेत असाल, तर त्याच रकमेने साधं टर्म कव्हर वाढवणं बरं : कव्हर घटत नाही आणि पैसे बँकेऐवजी कुटुंबाच्या हातात येतात.

मुलांचं शिक्षण आणि लग्न कसं धरायचं?

शिक्षणासाठी आजची फी धरा, पंधरा वर्षांनंतरची नाही. ज्या कॉलेजचा विचार आहे तिथली पूर्ण अभ्यासक्रमाची आजची फी, वसतिगृह आणि खानावळ यांची बेरीज करा. फी महागाईपेक्षा वेगाने वाढते हे खरं. पण हे पैसे दहा-पंधरा वर्षं लागणार नाहीत, त्यामुळे तेवढा भाग इक्विटी फंडात ठेवता येतो. ती वाढ आणि फीची वाढ एकमेकींना साधारण झाकतात, असं धरून आजचीच रक्कम घ्यायची. भविष्यातली फुगलेली फी आजच्या कव्हरमध्ये जशीच्या तशी मिळवणं ही मोठी चूक आहे. त्याने आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

आपल्या उदाहरणात दोघांसाठी प्रत्येकी १५ लाख, एकूण ३० लाख. खासगी मेडिकलचा विचार असेल तर हा आकडा खूप वर जाईल, आणि तसा विचार असेल तर तो आत्ताच मांडायला हवा. लग्नासाठी दोघांचे मिळून १० लाख धरले. आमच्या मते हा आकडा सर्वांत शेवटी भरावा आणि हप्ता झेपत नसेल तर सर्वांत आधी तोच कमी करावा.

सुरुवातीच्या काही महिन्यांसाठीही काही रक्कम धरा. दवाखान्याचं उरलेलं बिल, अंत्यविधी, कागदपत्रांची धावपळ आणि दाव्याचे पैसे येईपर्यंतचा खर्च यासाठी ३ लाख.

हातात असलेल्या पैशातून काय काय वजा करायचं?

कुटुंब खरोखर मोडू शकेल आणि मोडायला तयार असेल तेवढंच. उदाहरणात पीएफचे ७ लाख, म्युच्युअल फंडाचे ६ लाख, मुदत ठेवीचे ३ लाख आणि जुन्या एंडोमेंट पॉलिसींचं मृत्यूनंतर मिळणारं ५ लाखांचं कव्हर, असे २१ लाख वजा होतील.

राहतं घर वजा करू नका, कारण कुटुंबाला तिथेच राहायचं आहे. गावची सामाईक जमीन धरू नका. सातबाऱ्यावर चार नावं असली की ती वेळेवर विकली जात नाही. बायकोचे दागिनेही हिशेबाबाहेर ठेवा.

कंपनीचा ग्रुप टर्म विमा सर्वाधिक फसवतो. पगाराच्या दोन-तीन पट कव्हर आहे म्हणून लोक ते वजा करतात. नोकरी सुटली, बदलली किंवा आजारपणामुळे सोडावी लागली की ते कव्हर जातं, आणि नेमकं त्याच वेळी नवी पॉलिसी मिळणं अवघड झालेलं असतं. पीएफ खात्याशी जोडलेल्या ईडीएलआय योजनेतून कमाल ७ लाख मिळतात, पण तेही नोकरीत असतानाच मृत्यू झाला तर. दोन्ही मिळाले तर उत्तमच, पण हिशेबात शून्य धरा.

शेवटी आकडा किती आला?

| बाब | लाख रुपये |
|---|---|
| घरखर्च, दोन्ही टप्पे | ११७.९ |
| कर्ज | ३५ |
| शिक्षण | ३० |
| लग्न | १० |
| सुरुवातीचे महिने | ३ |
| एकूण गरज | १९५.९ |
| वजा : हाताशी असलेली रक्कम | २१ |
| हवं असलेलं कव्हर | १७४.९ |

म्हणजे १ कोटी ७५ लाख. आता दहापटीच्या नियमाचे १ कोटी १० लाख इथे लावून पाहा. त्यात हातातले २१ लाख मिळवले आणि कर्ज, शिक्षण, लग्न, सुरुवातीचा खर्च बाजूला काढला, की घर चालवायला ५३ लाख उरतात. वर्षाला ४.०८ लाख खर्च आणि तोच दीड टक्का धरला, तर ते साधारण १४ वर्षांत संपतात. तेव्हा मुलगी १९ वर्षांची असेल, मुलगा १६ चा आणि त्यांची आई ४६ वर्षांची.

मग उत्पन्नाचा हिशेब करायचाच नाही का?

करायचा, पण पडताळणीसाठी. पगार वजा स्वतःचा खर्च म्हणजे महिना ८४,००० कुटुंबाच्या वाट्याला येतात, वर्षाला १०.०८ लाख. साठीपर्यंतची २५ वर्षं आणि तोच दर धरून सूत्र लावलं, तर २ कोटी १२ लाख येतात. हे तुमच्या कमाईचं आजचं मोल झालं. यात कर्ज आणि शिक्षण पुन्हा मिळवायचं नाही, कारण त्याच पगारातून ते भागणार होतं. ‘उत्पन्न अधिक कर्ज अधिक शिक्षण’ अशी बेरीज करून ३ कोटींचा आकडा सांगितला गेला, तर इथेच बोट ठेवा.

गरजेचा हिशेब १.७५ कोटी, कमाईचा २.१२ कोटी. दोन्ही जवळपास आहेत, म्हणजे मांडणीत मोठी चूक नाही. गरजेचा आकडा कमाईच्या आकड्याच्या खूप वर गेला, तर खर्चाची यादी तुमच्या ऐपतीपलीकडची आहे किंवा काहीतरी दोनदा मोजलंय.

दहा वर्षांनी महागाईमुळे हे कव्हर निम्मं होणार ना?

खरेदीशक्ती जवळपास तेवढी घटते. ६ टक्के महागाईने १.७५ कोटींची किंमत दहा वर्षांनी आजच्या ९८ लाखांइतकी होईल. पण दरम्यान कर्ज उतरतं, मुलांची वर्षं कमी होतात आणि बचत वाढते. याच कुटुंबाचा नवऱ्याच्या ४५ व्या वर्षीचा हिशेब मांडला, शिक्षणखर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढवला आणि पीएफ व ८,००० ची एसआयपी चालू राहून जवळ ७९ लाख साठले असं धरलं, तर हवं असलेलं कव्हर साधारण १.९३ कोटी येतं.

म्हणून या कुटुंबाने १.७५ ऐवजी २ कोटी घ्यावेत. ३५ व्या वर्षी वरच्या २५ लाखांसाठी हप्त्यात फार फरक पडत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. मात्र बचत थांबली तर २ कोटीही पुरणार नाहीत, हे त्याच हिशेबातून दिसतं.

बायको कमावती असेल तर कव्हर कमी चालेल का?

चालेल, पण तिचा पूर्ण पगार वजा करू नका. नवऱ्याच्या माघारी दोन लहान मुलं आणि सासू सांभाळताना काही काळ नोकरी सोडावी लागू शकते, पाळणाघराचा खर्चही वाढतो. तिच्या हातात येणाऱ्या पगारातला साठ-सत्तर टक्के भागच धरा, तोही तिच्या निवृत्तीपर्यंत. आणि तिचं स्वतःचं टर्म कव्हर याच पद्धतीने वेगळं काढा. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर तिच्या हिशेबातही ते येतं.

गृहिणीच्या कामाचंही मोल काढता येतं. स्वयंपाक, मुलांची देखभाल आणि आजींकडे लक्ष देणं यासाठी माणसं ठेवायला महिना १८,००० लागत असतील, तर दहा वर्षांसाठी साधारण २० लाख होतात. गृहिणींना कव्हर देताना कंपन्या बहुधा नवऱ्याचं उत्पन्न आणि कव्हर पाहतात, म्हणून आधी नवऱ्याची पॉलिसी काढणं सोयीचं.

माझा व्यवसाय आहे, उत्पन्न दर महिन्याला वेगळं असतं. मी काय धरू?

गरजेचा हिशेब घरखर्चावर उभा असल्यामुळे तुमचं काम फारसं अडत नाही. अडतं ते पात्रतेत. विमा कंपनी मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं पाहते. कागदावर ४ लाख दाखवून प्रत्यक्षात १२ लाख कमावणाऱ्याला कव्हर ४ लाखांच्या हिशेबानेच मिळतं.

व्यवसायाचं कर्ज वैयक्तिक हमीवर घेतलं असेल तर ते पूर्ण धरा. शिवाय पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्या. मग विम्याची रक्कम पत्नी-मुलांसाठीच राखीव राहते आणि सावकार किंवा बँक तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. हे प्रस्ताव अर्ज भरतानाच निवडावं लागतं, पॉलिसी निघाल्यावर नाही.

हिशेबात आलं तेवढं कव्हर कंपनी देईल का?

पस्तिशीच्या आसपास बहुतेक कंपन्या वार्षिक उत्पन्नाच्या २० ते २५ पटींपर्यंत जातात. वय वाढेल तशी ही पट घटते. आधीच्या सगळ्या पॉलिसी, कंपनीच्या ग्रुप विम्यासह, अर्जात विचारल्या असतील तर लिहा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षं माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येतं.

मुदत किती ठेवायची?

निवृत्तीपर्यंत, म्हणजे आपल्या उदाहरणात २५ वर्षं. ८५ किंवा ९९ वर्षांपर्यंतच्या कव्हरला हप्ता बराच जास्त पडतो आणि त्या वयात बदलून द्यायची कमाईच नसते. हप्ते परत देणाऱ्या योजनेतही तेच होतं : जास्त हप्त्यामुळे लोक कव्हर कमी घेतात.

हिशेब पुन्हा कधी करायचा?

नवं कर्ज, मूल, पगारात मोठी वाढ, किंवा बायकोने नोकरी धरली अथवा सोडली तेव्हा. एरवी दर तीन-चार वर्षांनी. शीट जपून ठेवली असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे : नवा घरखर्च, कर्जाची नवी बाकी, उरलेली वर्षं आणि साठलेली रक्कम भरायची. गरज वाढली असेल तर जुनी पॉलिसी बंद न करता वरच्या रकमेची वेगळी पॉलिसी घ्या. जुनीचा हप्ता तेव्हाच्या वयाचा आणि तब्येतीचा आहे, तो आता त्या दरात मिळणार नाही. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा एकही हप्ता चुकवू नका.